कोकण बॉक्समधल्या दोन बाटल्या

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र, नाव-गाव काढून:

"मी कोकणी मालाचे गिफ्ट बॉक्स करते. काजूगर, आंबापोळी, तळलेले गरे, आगळ, मालवणी मसाला आणि गेल्या वर्षीपासून कोकम सोड्याच्या दोन बाटल्या. बॉक्स १५०० रुपये अधिक जीएसटी. २०२५च्या दिवाळीत मुंबईच्या एका कंपनीने २४० बॉक्स घेतले. मी ५ टक्क्याने बिल केलं, कारण आमचे हिशेब बघतात ते म्हणाले काजू मुख्य आहे म्हणजे कंपोझिट. आता गणपतीला त्याच कंपनीची ऑर्डर आहे, पण त्यांच्या अकाउंट्सवाल्यांनी विचारलंय की हे मिक्स्ड सप्लाय नाही का, सोड्याला तर ४० टक्के लागतो. दोन बाटल्यांपायी अख्ख्या बॉक्सवर ४० कसा लागेल? बिलात वस्तू वेगवेगळ्या लिहिल्या तर सुटेन का? माझं रजिस्ट्रेशन रेग्युलर आहे, छोट्या व्यापाऱ्यांच्या कंपोझिशन स्कीममध्ये मी नाही."

ताई, तुम्ही पत्रासोबत बॉक्सचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत. मी तो मोठा करून बाटलीचं लेबल वाचलं. पुढे कोकमाचं लाल फळ आणि झकास अक्षरात नाव, आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात "कार्बोनेटेड" हा शब्द. सगळी गोची त्या एका शब्दात आहे. २२ सप्टेंबर २०२५ला दर बदलले तेव्हा खाण्यापिण्याचा बहुतेक माल ५ टक्क्यावर आला, पण गॅस भरलेली पेयं, अगदी खऱ्या फळाचा रस घातलेली सुद्धा, ४० मध्ये गेली. म्हणजे खरं तर गेली नाहीत, आधीही २८ अधिक १२ सेस असे चाळीसच होते, आता एका आकड्यात दिसायला लागले एवढंच.

तुमच्या बॉक्समधल्या बाकीच्या पाच वस्तू बघा. काजूगर साधे असोत की खारवलेले, ५. मसाला ५. आंबापोळी कुठल्या एचएसएनखाली, म्हणजे मालाच्या कोडाखाली, घालायची यावर पूर्वी लोक डोकं फोडायचे, कारण एका मथळ्याला १२ आणि दुसऱ्याला १८ पडायचा, आता मथळा कुठलाही लावा ५च येतो. गरे आणि आगळ पण ५. म्हणजे त्या दोन बाटल्या नसत्या तर तुम्ही बॉक्सला कंपोझिट म्हणा, मिक्स्ड म्हणा, नाहीतर कोकणचा मेवा म्हणा, उत्तर ५च आलं असतं आणि हे पत्र लिहायची वेळच आली नसती. हा वाद उभा राहतो तोच एका किमतीत दोन वेगळे दर येऊन बसतात तेव्हा.

आता तुमच्या हिशेबवाल्यांचं म्हणणं. त्यांनी मुख्य वस्तू शोधली हे चुकलं नाही, पण दुसरी पायरी आधी चढले. कायद्यात क्रम असा आहे की आधी विचारायचं, या वस्तू धंद्याच्या नेहमीच्या व्यवहारात स्वाभाविकपणे एकत्रच दिल्या जातात का. त्याचं उत्तर हो आलं तरच पुढे, यातली मुख्य कुठली, आणि मग मुख्य वस्तूचा दर सगळ्याला. ही कंपोझिट सप्लाय, सीजीएसटी कायद्याचं कलम २(३०). पहिलंच उत्तर नाही आलं आणि किंमत मात्र एकच आहे, तर ती मिक्स्ड सप्लाय, कलम २(७४), आणि तिथे मुख्य-बिख्य कोणी विचारत नाही, कलम ८ सांगतं की त्यातल्या सगळ्यात चढ्या दराच्या वस्तूचा दर अख्ख्याला लावा. काजू सातशे रुपयांचा आहे आणि सोडा शंभराचा आहे याचा तिथे काडीचा उपयोग नाही.

"स्वाभाविकपणे एकत्र" हे शब्द ऐकायला सोपे, वापरताना घसरतात. मी स्वतःसाठी एक साधी परीक्षा ठेवलीय. एक वस्तू काढून घ्या आणि बघा की उरलेल्याचं काही बिघडतं का. तुम्ही काजू कुरियरने पुण्याला पाठवता, त्यात काजू आहे, बरणी आहे, खोका आहे आणि कुरियरचा खर्च आहे. गिऱ्हाइकाला नुसतं कुरियर नको आहे आणि रिकामी बरणी तर नकोच आहे, त्याला काजू हवाय आणि बाकी सगळं काजू धड पोचावा म्हणून आहे. ही कंपोझिट. कायद्यातलं उदाहरणही जवळपास हेच आहे, माल, पॅकिंग, वाहतूक आणि विमा एकत्र दिला तर माल मुख्य. याउलट तुमच्या बॉक्समधून सोडा काढला तर काजू काय कमी कुरकुरीत लागणार आहे? गरे काढले तर आगळाची चव जाते का? प्रत्येक वस्तू आपापल्या पायावर उभी आहे, तुम्हीच त्या पाच-सहा सुट्या पण विकता, आणि बॉक्स बघून त्या एकमेकींच्या आधाराला आहेत असं कोणी म्हणणार नाही.

इथे तुम्ही म्हणाल, आणि बरेच जण म्हणतात, की अहो पण रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत प्रत्येक दुकानात असा बॉक्स मिळतो, मग हा नेहमीचा व्यवहार नाही का? मुद्दा अगदीच फालतू नाही, कारण स्वाभाविक जोडी ठरवताना त्या धंद्यातले बहुतेक लोक तसं देतात का आणि घेणाऱ्याची अपेक्षा काय असते, हे बघतातच. पण भेटीचा बॉक्स सगळे करतात म्हणून आतल्या वस्तूंची जोडी स्वाभाविक होत नाही, एकाच्या बॉक्समध्ये खाजा असतो, दुसऱ्याच्यात कुळथाचं पीठ, तिसऱ्याच्यात सोडा. जोडी स्वाभाविक असती तर ती सगळीकडे एकच दिसली असती. आणि शेवटचा खिळा असा की कायद्याने मिक्स्ड सप्लाय समजवायला जे उदाहरण घेतलंय ते तुमच्याच बॉक्सचं शहरी भावंड आहे: डबाबंद पदार्थ, मिठाई, चॉकलेट, केक, सुकामेवा, एरेटेड ड्रिंक आणि फळांचे रस, एकाच किमतीचं पॅकेज. सुकामेवा आहे, सोडा आहे, एक किंमत आहे. इतकं समोर छापलेलं असताना काजूला मुख्य म्हणून भांडायला मी तरी कोणाला पाठवणार नाही.

आता आकडे मांडू, कारण चाळीस टक्के ऐकून घाबरण्यापेक्षा किती रुपये ते बघितलेलं बरं. तुमच्या सुट्या भावाच्या यादीप्रमाणे काजूगर ७००, आंबापोळी २५०, गरे १८०, आगळ १५०, मसाला १२०, दोन सोडे १००, बेरीज १५००. तुम्ही लावला ५ टक्के म्हणजे बॉक्समागे ७५ रुपये. मिक्स्ड धरला तर १५०० वर ४० टक्के, ६०० रुपये. आणि खरोखर सुटे विकले असते तर १४०० वर ७० आणि १०० वर ४०, मिळून ११०. म्हणजे शंभर रुपयांच्या बाटल्या एका किमतीत घातल्या म्हणून ११० चे ६०० झाले. आणि तुमच्या हातून ७५च गेले, म्हणजे बॉक्समागे ५२५ कमी, २४० बॉक्सचे १ लाख २६ हजार.

कुरियरची पण एक गंमत बघून घ्या. तुम्ही त्याच बिलात बॉक्समागे १२० रुपये कुरियर लावलाय आणि त्यावर तुमच्या माणसाने १८ धरला, कारण कुरियर सर्व्हिसला १८ असतो. पण तुम्ही कुरियर विकत नाही, माल विकता, तेव्हा तो खर्च मालाच्या मागे जातो आणि मालाचाच दर घेतो. बॉक्स मिक्स्ड ठरला तर त्या १२० वरही ४०. वस्तू सुट्या असतील तर किमतीच्या प्रमाणात वाटायचा, ११२ रुपये ५ टक्क्याकडे आणि ८ रुपये ४० कडे. म्हणजे १८ तर कुठल्याच हिशेबाने येत नाही.

मग बिल फोडून सुटका होते का? याला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. कायद्यातल्या त्याच उदाहरणात पुढे म्हटलंय की या वस्तू वेगवेगळ्या दिल्या तर ती मिक्स्ड सप्लाय नाही. त्यामुळे रस्ता आहे. पण वेगवेगळ्या दिल्या म्हणजे वेगवेगळ्या ओळीत टाइप केल्या असं नाही हो. कोटेशनवर "कोकण बॉक्स, १५०० अधिक जीएसटी" असेल, त्यांची परचेस ऑर्डर पण "बॉक्स, नग २४०" अशी असेल आणि फक्त तुमच्या बिलावर सहा ओळी असतील, तर किंमत एकच ठरली होती हे कागदच सांगतात. मी एका ओळखीच्या माणसाचे कागद पाहिलेत, त्याने बिल झक्क फोडलं होतं पण फोडताना सोड्याच्या दोन बाटल्यांना १० रुपये लावले होते आणि उरलेले काजूवर चढवले होते, आणि त्याच्याच दुकानाच्या पाटीवर बाटली ५० रुपयांना होती. त्यापेक्षा फोडलं नसतं तर बरं.

वेगळं करायचं तर मुळापासून करा. सहा वस्तूंचे सुटे भाव असलेली यादी कंपनीला पाठवा, त्यांना काय हवं काय नको ते त्यांनी निवडू द्या, सोडा नको म्हणाले तर त्यांचे १०० रुपये खरंच कमी झाले पाहिजेत, ऑर्डर वस्तुवार येऊ द्या आणि मग बिल त्याच भावाने, प्रत्येक ओळीला तिचा एचएसएन आणि तिचा दर. मोठ्या ऑर्डरला सूट द्यायची तर सगळ्या ओळींवर सारख्या टक्क्याने द्या, सगळी सूट सोड्यावर काढू नका. आणि जमलं तर सोडा त्या बॉक्समध्ये भरूच नका, २४ बाटल्यांचे खोके वेगळे पाठवा, काचेच्या बाटल्या तशाही खालच्या आंबापोळीचा पापड करतात. एवढं केल्यावर सहा वस्तू सहा व्यवहार आहेत असं म्हणायला तुमच्याकडे कागद असतो. तरी एक रंगीत रिबीन बांधून एका टोपलीत गेलं की प्रश्न विचारायला जागा राहतेच, ते मी लपवत नाही.

"मग सोडा फ्री देते असं लिहू का" हे तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचा फोन त्यासाठीच येतो म्हणून आधीच सांगते. एकावर एक फ्री सारख्या स्कीमबद्दल ७ मार्च २०१९ चं परिपत्रक आहे, ९२/११/२०१९, त्यात स्पष्ट आहे की ती फुकट वस्तू नसते, एका किमतीत दोन वस्तू दिल्या असंच धरायचं आणि मग कंपोझिट की मिक्स्ड ते ठरवायचं. म्हणजे फिरून भोपळे चौकात.

माझं मत विचाराल तर या बॉक्समध्ये सोडा ठेवण्यात काही राम नाही. त्याच्या जागी कोकम सरबताचा अर्क ठेवा किंवा आगळाची बाटली मोठी करा, गिऱ्हाईक घरी थंड सोडा आणून त्यात ओतील, आणि बॉक्स परत सरळ ५ वर येईल. तयार पेयच द्यायचं असेल तर बिनगॅसचं कोकम पेय चालतं, पण त्यात खरा फळाचा रस असायला हवा. फळाचा रस किंवा गर असलेलं बिनगॅसचं पेय ५ मध्ये आहे, आणि नुसता रंग, साखर, फ्लेवर असलेलं "इतर नॉन-अल्कोहोलिक पेय" म्हणून पुन्हा ४० मध्ये जातं. त्यामुळे बाटली निवडताना मागचं लेबल वाचा आणि तुम्हाला माल देणाऱ्याच्या बिलावरचा एचएसएन बघा, २२०२ १० दिसला की समजायचं चाळीसचा पाहुणा आलाय.

हे बिल बघायची सवय दुसऱ्या कारणासाठी पण लावून घ्या. तुम्ही सोडा विकत घेता तेव्हा त्यावरचा ४० टक्के पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत, GSTR-2B मध्ये, येतो आणि तुम्ही त्याचं क्रेडिट घेता, म्हणजे तेवढा तुमच्या भरायच्या करातून वजा करता, ते बरोबरच आहे. पण वर्षभर आत ४० टक्क्याचा माल येतोय आणि बाहेर जाणारं एकही बिल ४० चं नाही, तर तो माल गेला कुठे हा प्रश्न कोणालाही पडेल. त्याला तुमचा बॉक्स उघडून बघायचीही गरज नाही.

राहिली दिवाळीची बिलं. तुमचं कोटेशन एका किमतीचं होतं, म्हणजे तिथे मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. १ लाख २६ हजार कमी भरले गेलेत, आणि कुरियरवर १८ ऐवजी ४० असा २६ रुपये ४० पैसे बॉक्समागे फरक, २४० चे ६३३६. दोन्ही मिळून १ लाख ३२ हजार ३३६. त्यावर वर्षाला १८ टक्क्याने व्याज, ज्या महिन्याचं बिल त्याच्या रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून, सहा महिन्यांचं धरलं तर बारा हजाराच्या आसपास. नोटीस यायच्या आधी कर आणि व्याज आपणहून भरलं तर त्यावर दंड नाही, कलम ७४अ मध्ये तशी सोय आहे. नोटीस आल्यावरही ६० दिवसांत भरलं तर लपवाछपवीचा आरोप नसेल तिथे दंड टळतो, त्यानंतर मात्र कराच्या १० टक्के किंवा १० हजार, जास्त असेल ते. भरायची रीत दोन प्रकारची, कंपनीला डेबिट नोट काढून ती चालू महिन्याच्या रिटर्नमध्ये दाखवायची आणि व्याज सोबत भरायचं, किंवा पैसे मागणारच नसाल तर पोर्टलवर DRC-03 या फॉर्मने भरून टाकायचं.

डेबिट नोट काढण्याआधी मात्र त्यांच्या अकाउंट्सवाल्यांशी बोला. त्यांनी ते बॉक्स लोकांना भेट दिले, आणि भेट दिलेल्या मालावरचं क्रेडिट कलम १७(५)(ह) मध्ये अडवलेलं आहे, म्हणजे तुमची डेबिट नोट त्यांना पूर्ण खर्च म्हणून बसणार. म्हणूनच तर त्यांनी विचारलं, कायद्याच्या प्रेमाने नाही. कोटेशनवर तुम्ही "अधिक जीएसटी" लिहिलं होतं म्हणून मागायला आधार आहे, पण गणपतीची ऑर्डर त्याच टेबलावर आहे हेही तुम्हाला कळतं. निम्मं त्यांनी निम्मं तुम्ही असं कोणी केलेलं मी पाहिलंय, तो तुमचा धंद्याचा निर्णय.

तारकर्ली-देवबागकडच्या होमस्टेवाल्यांचीही पत्रं माझ्याकडे पडून आहेत, त्यांना इथेच सांगून टाकते कारण गोष्ट तीच आहे. रूमसोबत सकाळचे घावणे-चटणी एका भाड्यात देता ती कंपोझिट, नाश्ता रूमच्या मागे जातो आणि रूम दिवसाला ७५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, क्रेडिट न घेता. पण "दोन रात्री अधिक स्कूबा, ६९९९ फक्त" असं एका किमतीत छापलंत की स्कूबाचा १८ रूमवर चढायची भीती आहे, कारण स्कूबा न करताही माणूस झोपू शकतो. स्कूबाचा दर वेगळा छापा, ज्याला हवं तो घेईल, आणि बोटवाला त्याचं बिल स्वतः देत असेल तर त्याला देऊ द्या.

आणि हापूसवाले. ताजा आंबा शून्य टक्के आहे, पण एक डझन आंबे आणि एक बरणी मुरांबा एका किमतीत दिलात तर मुरांब्याचा ५ त्या आंब्यांनाही लागतो. पेटी वेगळी, बरणी वेगळी.

ताई, गणपतीच्या ऑर्डरला अजून वेळ असेल तर कंपनीला दोन कोटेशनं पाठवा, एक बिनसोड्याच्या बॉक्सचं १४०० अधिक ५ टक्के, म्हणजे १४७०, आणि एक सुट्या वस्तूंचं भावाच्या यादीसह. दोन्हीवर कुरियर वेगळा दाखवा. त्या अकाउंट्सवाल्यांना पहिलं आवडेल असा माझा अंदाज आहे. आणि गोदामात सोड्याच्या बाटल्या उरल्या असतील तर दुकानाच्या काउंटरवर सुट्या विका, तिथे त्यांचा ४० त्यांच्यापुरताच राहतो.